लॉक झालेलं अकाउंट आणि रेझ्युमेतली ओळ

आयटी सपोर्टमध्ये दोन वर्षं काढलेल्या पदवीधराचा रेझ्युमे साधारण कसा असतो, ते आधी सांगते. सुरुवातीला ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ असतं: आव्हानात्मक वातावरणात कौशल्यांचा वापर करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा. त्याखाली दहावी, बारावी आणि बीएस्सीचे टक्के, चौकटी आखलेल्या तक्त्यात. मग कौशल्यांची लांबलचक यादी, ज्यात एमएस ऑफिसपासून पायथनपर्यंत सगळं एका रांगेत बसलेलं. नोकरीबद्दल तीन ओळी: एल वन सपोर्ट दिला, तिकिटं सोडवली, वापरकर्त्यांच्या अडचणी दूर केल्या. दुसऱ्या पानाच्या तळाशी, छंदांच्या जरा वर, एकच ओळ: होम लॅब, वाझू, काली लिनक्स, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. आणि शेवटी वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, वरील माहिती सत्य असल्याची ग्वाही, ठिकाण, दिनांक, सही.

या रेझ्युमेवर तिला सुरक्षेतली नोकरी हवी आहे. ‘ती’ म्हणजे कुणी एक मुलगी नाही. माझ्यापर्यंत आलेल्या अनेक रेझ्युमेंमधून मी हे उदाहरण जुळवलं आहे. समजा, नाशिकच्या एका कॉलेजातून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, आता पुण्यात हिंजवडीला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर, आणि अर्ज करायचा आहे तो सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमधल्या पहिल्या पायरीच्या अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी. या सेंटरला या क्षेत्रात सगळे ‘सॉक’ म्हणतात. कंपनीच्या सर्व्हरवरून, लॅपटॉपवरून, फायरवॉलवरून येणाऱ्या नोंदी तिथे एका प्रणालीत गोळा होतात, काही नोंदींवर इशारे उमटतात आणि पाळीवर बसलेला अ‍ॅनालिस्ट ठरवतो की हा इशारा खरा आहे की खोटा, आणि खरा असेल तर कुणाला उठवायचं. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवाव्या लागतात आणि प्रणालींच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. त्यामुळे रात्री तीन वाजताही त्या खुर्चीवर कुणीतरी लागतं.

माझं म्हणणं असं की या मुलीला नवीन काहीही शिकायच्या आधी रेझ्युमेतच बरंच काही करण्यासारखं आहे. तिच्याकडे पुरावा आहे, पण तो दुसऱ्या पानाच्या तळाशी चार नावांत कोंबलेला आहे. आणि पुराव्याचा दुसरा अर्धा भाग तर तिने लिहिलेलाच नाही, कारण तो तिला ‘रोजचंच काम’ वाटतो.

त्या रोजच्या कामापासून सुरुवात करू. हेल्पडेस्कवर सकाळी सगळ्यात जास्त येणारं तिकीट कोणतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: अकाउंट लॉक झालंय. कुणी पासवर्ड बदलला, पण फोनमधल्या मेलच्या अ‍ॅपमध्ये जुनाच राहिला. फोन बिचारा पुन्हा पुन्हा जुना पासवर्ड पाठवत राहतो आणि पाचव्या चुकीला डोमेन कंट्रोलर अकाउंटला कुलूप लावतो. सपोर्टची मुलगी फोनवर ओळख पटवते, अकाउंट उघडते, तिकीट बंद करते.

त्याच क्षणी डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4740 क्रमांकाची नोंद पडलेली असते. त्यात कुणाचं अकाउंट लॉक झालं आणि चुकीचे पासवर्ड कोणत्या मशीनकडून आले, हे लिहिलेलं असतं. ज्या मशीनवर लॉग-इनचा प्रयत्न झाला तिथे प्रत्येक चुकीसाठी 4625 ची नोंद पडते. सॉकमधला नवखा अ‍ॅनालिस्ट याच दोन नोंदी दिवसभर बघतो, फक्त त्याचा प्रश्न वेगळा असतो: हा विसराळू माणूस आहे, जुना फोन आहे, की कुणी बाहेरचा पासवर्डचे अंदाज बांधतो आहे? घटना तीच आहे. हेल्पडेस्कवाला ती माणसाच्या बाजूने पाहतो, सॉकवाला लॉगच्या बाजूने. ज्या मुलीने दोन वर्षं माणसाची बाजू ऐकली आणि घरी लॉगची बाजू पाहिली, तिने हे दोन तुकडे रेझ्युमेत शेजारी ठेवले पाहिजेत. बहुतेक जण ते ठेवत नाहीत. नोकरी एका पानावर, लॅब दुसऱ्या, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे याचा उल्लेखही नाही.

हेल्पडेस्कचं काम सुरक्षेचं मानायचं की नाही, यावर तर न्यायालयात वाद गेला आहे. ऑगस्ट 2023 मध्ये क्लोरॉक्स या अमेरिकी कंपनीवर सायबर हल्ला झाला. 2025 च्या जुलैमध्ये कंपनीने कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. आरोप असा की हल्लेखोराने कर्मचारी असल्याचं सांगत हेल्पडेस्कला फोन केला आणि ते काम पाहणाऱ्या कॉग्निझंटच्या माणसांनी ओळख न पडताळता पासवर्ड दिला. नुकसान 38 कोटी डॉलर्सचं असल्याचा कंपनीचा दावा आहे. कॉग्निझंटने आरोप फेटाळले. आपल्याकडे मर्यादित हेल्पडेस्क सेवा होती, सायबर सुरक्षेचं व्यवस्थापन नव्हतं, असं तिचं म्हणणं. वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवू. पण पासवर्ड देण्याआधी समोरचा माणूस खरा आहे ना हे तपासणं, या एका कृतीवर किती अवलंबून असतं ते यातून कळतं. ज्या मुलीने ही तपासणी नेमाने केली आहे, तिने ‘वापरकर्त्यांच्या अडचणी दूर केल्या’ एवढंच लिहिणं म्हणजे आपल्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग गाळणं.

म्हणून नोकरीच्या ओळी नव्याने लिहायच्या. मी तिला सहसा विचारते, “अकाउंट उघडून द्यायच्या आधी तू नेमकं काय करतेस?” उत्तर येतं, “मॅडम, एम्प्लॉयी आयडी विचारते, मग नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करते. मॅनेजरचं नाव सांगून कुणी घाई केली तरी तसंच.” ही झाली पहिली ओळ, जवळजवळ तिच्याच शब्दांत. पुढचा प्रश्न: “तेच अकाउंट दिवसात तिसऱ्यांदा लॉक झालं तर?” “मग वेळ आणि लॅपटॉपचं नाव लिहून सर्व्हर टीमकडे पाठवते.” ही दुसरी ओळ.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायलाच हवा. एल वन सपोर्टला बहुतेक ठिकाणी अकाउंट उघडण्यापुरताच अधिकार असतो. डोमेन कंट्रोलरचे लॉग बघायची परवानगी सर्व्हर टीमकडे असते. तेव्हा ‘4740 च्या नोंदी तपासून मूळ कारण शोधलं’ ही ओळ नोकरीच्या रकान्यात शोभून दिसेल, पण ती तिने ऑफिसात केलेली नाही, घरच्या लॅबमध्ये केली आहे. मुलाखतीत “तुम्हाला डीसीवर लॉग-इन होतं का?” एवढा एक प्रश्न आला की ती ओळ कोसळते आणि सोबत बाकीच्या ओळींवरचा विश्वासही जातो. जे जिथे केलं ते तिथेच लिहायचं.

आकड्यांचंही तसंच. ‘रोज 25 तिकिटं’ या आकड्यातून सॉकच्या मॅनेजरला काहीच कळत नाही. त्यापेक्षा तिकिटांच्या प्रणालीतून स्वतःच्या नावावरचा अहवाल काढावा आणि त्यात पासवर्ड-लॉकची किती, संशयास्पद मेलची किती, अँटिव्हायरसच्या इशाऱ्यांची किती, हे मोजावं. आकडा रेझ्युमेत ‘सुमारे’ लावून द्यावा. अहवाल घरी आणायचा नाही आणि ग्राहक कंपनीचं नावही लिहायचं नाही. ‘एका मोठ्या बँकिंग ग्राहकासाठी’ एवढं पुरतं. गोपनीयतेच्या करारावर सही करून जो माणूस ग्राहकाचे तपशील रेझ्युमेत छापतो, त्याला सुरक्षेच्या कामावर कुणी का घ्यावं?

आता लॅब. ‘होम लॅब, वाझू, काली लिनक्स, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या ओळीत चार नावं आहेत आणि एकही क्रियापद नाही. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की हिने काहीतरी इन्स्टॉल केलं. यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून वाझू चढवलेली मुलं खूप आहेत, आणि ती वाईट नाहीत, पण त्यांच्यात आणि हिच्यात फरक काय, हे या ओळीतून दिसत नाही.

तिने प्रत्यक्षात केलं काय, ते पाहू. 16 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चार मशीन: विंडोज सर्व्हर 2022 चा डोमेन कंट्रोलर, त्याच्या डोमेनमध्ये जोडलेलं एक विंडोज मशीन, हल्ला करण्यासाठी काली आणि नोंदी गोळा करण्यासाठी वाझू. वाझू ही फुकट मिळणारी मुक्तस्रोत प्रणाली आहे. मोजक्या मशीनसाठीही तिला 8 जीबी रॅम द्यावी अशी शिफारस असते. तेवढी दिली तर बाकीच्यांना उरत नाही, म्हणून तिने 6 दिली आणि काली फक्त हल्ल्यापुरतं चालू ठेवलं. सगळी मशीन एका बंद आतल्या नेटवर्कवर होती, घरच्या वायफायशी त्यांचा संबंध नव्हता. ही शेवटची गोष्ट रेझ्युमेत आलीच पाहिजे. हल्ल्याची साधनं हाताळणाऱ्या माणसाने ती कुठे चालवली, हे सॉकवाला सगळ्यात आधी बघतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड फोडल्याचं ‘प्रोजेक्ट’ म्हणून लिहिणारी मुलं मला भेटली आहेत. तो रेझ्युमे तिथेच संपतो.

मग तिने कालीवरून विंडोज मशीनच्या रिमोट डेस्कटॉपवर पासवर्डचे अंदाज मारले. वाझूत 4625 च्या नोंदी आल्या, आणि इथे तिला पहिला धक्का बसला. पुस्तकात वाचलं होतं की रिमोट डेस्कटॉपचं लॉग-इन प्रकार 10 म्हणून नोंदलं जातं. तिला दिसत होता प्रकार 3, म्हणजे साधं नेटवर्कवरचं लॉग-इन. कारण असं की आजच्या विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपचा पडदा उघडण्याआधीच नेटवर्कवर ओळख तपासली जाते. पासवर्ड चुकला तर गोष्ट तिथेच अडते आणि नोंद प्रकार 3 ची पडते. ही बाब ज्याने हाताने करून पाहिली त्यालाच सहसा ठाऊक असते. मुलाखत घेणाऱ्याला अशी एक खूण मिळाली की तो खुर्चीत पुढे सरकतो.

त्यानंतर तिने नियम लिहिला: एकाच नावावर 10 मिनिटांत 5 चुका झाल्या तर इशारा. चालला. आणि मग एका रात्री, काली बंद असताना, इशारा वाजला. या प्रसंगाबद्दल तिने रेझ्युमेत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ती लॅबची गडबड होती. मला विचाराल तर अख्ख्या रेझ्युमेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

झालं असं होतं. संध्याकाळी तिने चाचणीच्या वापरकर्त्याचा पासवर्ड बदलला होता. पण विंडोज मशीनवर त्याच वापरकर्त्याच्या नावाने दर मिनिटाला चालणारं एक शेड्युल्ड टास्क होतं आणि त्यात जुना पासवर्ड साठवलेला होता. टास्क चुकत राहिलं, पाचव्या चुकीला अकाउंट लॉक झालं, इशारा वाजला. म्हणजे ऑफिसात फोनमधल्या जुन्या पासवर्डमुळे रोज जे घडतं, तेच. तिने नोंदी उघडून हल्ल्याच्या रात्रीच्या नोंदींशेजारी ठेवल्या. हल्ल्यात लॉग-इनचा प्रकार 3 होता आणि कालीचा आयपी पत्ता होता. टास्कच्या नोंदीत प्रकार 4 होता, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, आणि पत्त्याची जागा रिकामी. चुकीचा उपसंकेतही तिने पाहिला: 0xC000006A म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक, हल्ल्यात काही ठिकाणी 0xC0000064 होता, म्हणजे असं नावच अस्तित्वात नाही. माणूस किंवा टास्क स्वतःचं नाव सहसा चुकवत नाही. नावांचाच अंदाज चालला असेल तर संशय पक्का होतो.

मग तिने नियम घट्ट केला: प्रकार 3 हवा आणि पत्ता रिकामा नको. खोटे इशारे थांबले. सॉकमधल्या रोजच्या कामाचा गाभा हाच आहे. इशारा आल्यावर धावणं त्या मानाने सोपं असतं. शंभर इशाऱ्यांतले नव्वद का खोटे आहेत ते शोधून, खरे न गमावता ते कमी करणं अवघड.

खरे गमावले का, हेही तिने तपासलं. कालीवरून आता एकाच नावावर अनेक पासवर्ड मारण्याऐवजी तिने एकच सोपा पासवर्ड डोमेनमधल्या वीस नावांवर एकेकदा मारला. याला पासवर्ड स्प्रेइंग म्हणतात. हल्ल्यांच्या पद्धतींचं वर्गीकरण करणाऱ्या मायटर अटॅकच्या यादीत याचा क्रमांक T1110.003 आहे. कुठल्याच नावावर पाच चुका झाल्या नाहीत. अकाउंट लॉक झालं नाही, 4740 पडली नाही, तिचा नियम गप्प राहिला. वाझूसोबत येणारा, नावाऐवजी पत्त्यावरून चुका मोजणारा नियम मात्र वाजला. तो तिने वाचून समजून घेतला आणि आपल्या नियमाच्या जोडीला ठेवला. शेवटी तिने प्रत्येक प्रयत्नामध्ये बराच वेळ सोडून तोच हल्ला संथपणे केला. तेव्हा दोन्ही नियम गप्प.

हे सगळं रेझ्युमेत किती जागेत बसतं? तीन ओळींत. रेझ्युमे इंग्रजीत असतो, पण ओळींचा आशय मराठीत असा होईल. पहिली: बंद नेटवर्कवर डोमेन कंट्रोलर, विंडोज क्लायंट आणि वाझू उभारून रिमोट डेस्कटॉपवरचा पासवर्ड-हल्ला केला, 4625 आणि 4740 च्या नोंदींतून त्याचा माग काढला. दुसरी: लॉग-इन अपयशाचा नियम लिहिला, जुन्या पासवर्डच्या शेड्युल्ड टास्कमुळे येणारे खोटे इशारे लॉग-इनचा प्रकार आणि स्रोत पत्ता पाहून गाळले. तिसरी: पासवर्ड स्प्रेइंग, T1110.003, या नियमातून सुटतं हे दाखवून पत्त्यावर मोजणारा नियम जोडीला घेतला; संथ स्प्रेइंग अजूनही सुटतं, हे अहवालात नोंदवलं.

तिसऱ्या ओळीतल्या शेवटच्या भागावर मुलं अडखळतात. आपलं जे जमलं नाही ते रेझ्युमेत का लिहायचं? माझं उत्तर स्पष्ट आहे: कारण सॉकमध्ये काय दिसतं याइतकंच काय दिसत नाही हे माहीत असावं लागतं. ‘हल्ले शंभर टक्के पकडले’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘हा हल्ला सुटतो’ लिहिणाऱ्या मुलीला मी आधी बोलावेन. आणि मुलाखतीत पुढचा प्रश्न कोणता येणार, ते ती स्वतःच ठरवते: संथ स्प्रेइंग पकडायचं कसं? मोजण्याचा कालावधी वाढवून, एका पत्त्यावरून किती वेगवेगळ्या नावांवर चुका झाल्या ते पाहून, आणि अशा चुकांनंतर त्याच पत्त्यावरून एखादं यशस्वी लॉग-इन, म्हणजे 4624, आलं का ते शोधून. तिने यातलं काहीच करून पाहिलेलं नसलं तरी विचार करून उत्तर देता येतं, कारण प्रश्न तिच्या ओळखीचा आहे.

लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर दहा मिनिटं प्रश्न विचारले तर टिकेल का, ही एकच कसोटी मी लावते. वाझूबद्दल लिहिलं असेल तर मी मुद्दाम विचारते की वाझू बंद पडलं आहे असं समजा, आता त्या विंडोज मशीनवर गेल्या तासातल्या लॉग-इनच्या चुका कशा बघाल? ज्याने फक्त डॅशबोर्डवरचे रंगीत आलेख पाहिले आहेत तो इथे थांबतो. ज्याने नोंदींशी झटापट केली आहे तो इव्हेंट व्ह्यूअर उघडेन म्हणतो, किंवा पॉवरशेलमध्ये हे लिहितो:

```powershell
Get-WinEvent -FilterHashtable @{
  LogName='Security'; Id=4625
  StartTime=(Get-Date).AddHours(-1)
}
```

आदेश अक्षरशः पाठ असायला हवा असं नाही. पण नोंदी मुळात कुठे असतात आणि वाझू त्या तिथून फक्त उचलतं, हे डोक्यात स्पष्ट हवं.

या तीन ओळींना जागा करायची तर बरंच काही बाहेर काढावं लागतं. करिअर ऑब्जेक्टिव्ह गेलं. त्याजागी दोन वाक्यं: हेल्पडेस्कवरची दोन वर्षं, घरच्या लॅबमध्ये लॉग-इन हल्ल्यांच्या तपासाचं काम, सॉकमधल्या पाळीच्या कामाची तयारी. पाळीची तयारी असेल तरच लिहावं, कारण रात्रपाळी नक्की विचारतात. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, सत्यतेची ग्वाही गेली. दहावी-बारावीचे टक्के एका ओळीत आले. मोठ्या आयटी कंपन्या अजूनही ते तपासतात, म्हणून पूर्ण काढायचे नाहीत. कौशल्यांच्या यादीतून ज्यावर एकही ओळ रेझ्युमेत नाही ते प्रत्येक नाव काढलं. पायथन असं गेलं. ट्रायहॅकमीवरच्या पूर्ण केलेल्या खोल्यांच्या बिल्ल्यांची रांग गेली आणि राहिला फक्त लॉग तपासण्याशी संबंधित भाग. मोफत कोर्सची प्रमाणपत्रं गेली. सिक्युरिटी प्लसची परीक्षा दिली नसेल तर ‘तयारी सुरू आहे’ हे परीक्षेची तारीख नोंदवली असेल तेव्हाच लिहावं.

मांडणीबद्दल थोडंच सांगते. दोन रकान्यांचे, चिन्हांचे आणि टक्केवारीच्या पट्ट्यांचे सुंदर साचे मिळतात. भरतीच्या पोर्टलवर रेझ्युमे चढवला की आधी एक सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उपसून काढतं, आणि दोन रकाने असले की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळू शकते. एक रकाना, साधे मथळे, मजकूर निवडून कॉपी करता येईल अशी पीडीएफ. तपासायची सोपी रीत: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकावा. तिथे क्रम बिघडला तर पोर्टलवरही बिघडण्याची शक्यता आहे. जागेच्या जाहिरातीत ‘सीम’, ‘लॉग अ‍ॅनालिसिस’, ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ असे शब्द असतील आणि आपण ते खरोखर केलं असेल, तर तेच शब्द वापरावेत. वाझू सीम प्रकारची प्रणाली आहे हे भरतीच्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

तीन ओळींच्या मागे एक अहवाल हवा आणि रेझ्युमेत त्याची लिंक. गिटहबवर एक पान पुरतं. पण त्या पानावर लॅब कशी इन्स्टॉल केली याचे चाळीस स्क्रीनशॉट नकोत. ते वाझूच्या अधिकृत पानावर आधीच आहे. तिथे हवं ते त्या रात्रीच्या इशाऱ्याची हकिकत: किती वाजता काय दिसलं, आधी काय वाटलं, कोणत्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, निष्कर्ष काय, नियमात बदल काय, काय सुटतं. सॉकमध्ये तपासाचा अहवाल साधारण याच क्रमाने लिहितात, म्हणजे कामाचा नमुनाच हातात येतो. चढवण्याआधी फाइल्समध्ये पासवर्ड, एपीआयच्या किल्ल्या किंवा ऑफिसच्या मशीनचं एखादं नाव राहिलं नाही ना, ते नीट पाहावं. गिटहबवर एकदा चढलेली गोष्ट पुसली तरी जुन्या आवृत्तीत सापडते. सुरक्षेच्या नोकरीसाठी दिलेल्या लिंकवर उघडी किल्ली सापडावी, याहून वाईट काही नाही.

वेळा लिहिताना आणखी एक काळजी. व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर परत नेलं की त्याचं घड्याळ मागे राहू शकतं. डोमेन कंट्रोलर आणि क्लायंट यांच्या घड्याळात 5 मिनिटांहून जास्त फरक पडला तर कर्बेरॉसची ओळख-तपासणी नकार देते आणि नव्याच चुकांचा पूर येतो, ज्यांचा हल्ल्याशी संबंध नसतो. अहवालातल्या दोन मशीनच्या नोंदींचा क्रम उलटा दिसत असेल तर आधी घड्याळं पाहावीत.

लॅबच्या मर्यादाही तिने मान्य कराव्यात. चार मशीनच्या नेटवर्कमध्ये मिनिटाला मोजक्या नोंदी येतात, कंपनीत त्या अखंड कोसळत असतात. लॅबमध्ये हल्ला केव्हा झाला हे तिला आधीच माहीत होतं, कारण तिनेच केला होता. म्हणून ‘सीमचा दोन वर्षांचा अनुभव’ असं लिहायचं नाही. नोकरीचे महिने वेगळे, लॅबचे वेगळे, आणि मथळ्यात ‘होम लॅब’ असं स्पष्ट. शोधाच्या चौकटीत दोन वर्षांचा अनुभव मागितलेल्या काही जागा त्यामुळे निसटतील. निसटू द्याव्यात, कारण तिथे बोलावलं तरी पहिल्या पाच मिनिटांत ते उघड होतं.

या सगळ्याला लागणारा माल मात्र नाशवंत आहे. विंडोज सर्व्हरची चाचणी प्रत 180 दिवस चालते, विंडोज एंटरप्राइजची 90. मुदत संपली की मशीन थोड्या थोड्या वेळाने आपोआप बंद होऊ लागतं. सहा महिन्यांपूर्वी लॅब केली, मुलाखत आज आली आणि दाखवायला काहीच उरलं नाही, असं पुष्कळांचं होतं. तेव्हा हल्ल्याची रात्र आणि खोट्या इशाऱ्याची रात्र, दोन्हींचे सिक्युरिटी लॉग इव्हेंट व्ह्यूअरमधून .evtx फाइलमध्ये काढून ठेवावेत, वाझूमधली नियमांची फाइल वेगळी जपावी, आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती .evtx उघडून प्रकार 3 आणि प्रकार 4 च्या त्या दोन नोंदी पुन्हा एकदा शेजारी ठेवून वाचाव्यात.